R² 0.9999 आहे, तरी कमी लोहाचे नमुने उणे येतात: रेषेच्या पायथ्याशी काय चाललंय?

प्रश्न: एम.एस्सी.चा प्रोजेक्ट आहे, बोअरवेलच्या पाण्यातलं लोह फिनान्थ्रोलिन पद्धतीने मोजतोय. R² 0.9999 आला, तरी दोन-तीन नमुन्यांचं उत्तर उणे येतंय. सर म्हणतात रेषा शून्यातून ने. आणि एलओडीच्या सूत्रातला सिग्मा नक्की कुठला घ्यायचा? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उत्तर:

रेषा शून्यातून नेऊ नका. निदान आकडे पाहिल्याशिवाय तरी नाहीच. कारण सांगतो, आणि त्यासाठी माझ्या जुन्या वहीतला याच पद्धतीचा एक संच घेतो. 510 नॅनोमीटर, 1 सेंटिमीटरचा क्युवेट, फेरस अमोनियम सल्फेटपासून केलेली स्टँडर्ड्स. 0.7022 ग्रॅम एक लिटरमध्ये, म्हणजे 100 पीपीएमचा स्टॉक. पहिला आकडा पीपीएम, दुसरा अ‍ॅब्सॉर्बन्स:

```
0     0.006
0.5   0.104
1     0.205
2     0.402
3     0.598
4     0.801
```

स्लोप 0.1984 आला, इंटरसेप्ट 0.0055, R² 0.99997. दिसायला देखणी रेषा. आता एक खोडी करून बघा: 0.5 च्या स्टँडर्डचं रीडिंग 0.104 ऐवजी 0.114 टाका. म्हणजे ते एक स्टँडर्ड तब्बल दहा टक्क्यांनी चुकलं. तरी R² 0.9998 येतो. वरची 3 आणि 4 पीपीएमची टोकं रेषेला इतकी घट्ट धरून ठेवतात की खाली काय बिघडलंय हे R² ला कळतच नाही. आणि तुमचे अडलेले नमुने सगळे खालीच आहेत. म्हणून R² बघून समाधान मानू नका. प्रत्येक स्टँडर्डचं रीडिंग उलट रेषेत घालून त्याचं पीपीएम काढा. वरच्या संचात 0.5 चं 0.497 येतं, 1 चं 1.006, 3 चं 2.987. हे चालेल.

आता शून्याचं. इंटरसेप्ट 0.0055 म्हणजे किरकोळ वाटतो, पण तो खरा आहे का हे तपासता येतं. या रेषेत त्याची प्रमाण त्रुटी 0.0012 येते. इंटरसेप्ट तिच्या साडेचार पटींहून मोठा आहे आणि सहा बिंदूंच्या रेषेला 2.8 पट पुरेशी असते. म्हणजे तो योगायोग नाही. रसायनांमधून थोडं लोह आलेलं आहे, बहुधा हायड्रॉक्सिलअमीन किंवा बफरमधून. ते प्रत्येक फ्लास्कमध्ये, नमुन्याच्याही, सारखंच पडतं, आणि इंटरसेप्ट ते वजा करतो. रेषा जबरदस्तीने शून्यातून नेली की स्लोप 0.2003 होतो. मग 0.600 अ‍ॅब्सॉर्बन्सच्या नमुन्याला दोन्ही रेषा 3.00 च सांगतात, काहीच बिघडत नाही. पण 0.030 च्या नमुन्याला खरी रेषा 0.124 सांगते आणि शून्यातली 0.150. एकवीस टक्के जास्त! तुमची उणे उत्तरं गायब होतील हे खरं, पण रसायनातलं लोह बोअरवेलच्या नावावर चढेल.

उणे उत्तराला घाबरायचं कारण नाही. नमुन्यात लोह जवळपास नसेल तर त्याचं रीडिंग ब्लँकच्या आसपास वर-खाली होणारच. 0.004 आलं तर माझी रेषा उणे 0.007 सांगेल. वहीत ते तसंच लिहा, खोडू नका. मात्र सगळीच कमी उत्तरं उणे येत असतील, एकही अधिक नाही, तर ब्लँक संशयित. ब्लँकचा फ्लास्क नमुन्यांच्या फ्लास्कपेक्षा घाण असावा.

यावरून आमची फजिती आठवली. एका प्रयोगशाळेत असताना ब्लँक रोज वेगळा यायचा, एक दिवस 0.003, दुसऱ्या दिवशी 0.015. आम्ही रसायनांच्या बाटल्या बदलल्या, डिस्टिल्ड पाण्याला शिव्या घातल्या. शेवटी लॅब असिस्टंटच्या लक्षात आलं की धुतलेले फ्लास्क ओव्हनच्या गंजलेल्या जाळीवर उपडे ठेवून वाळवले जात होते. तेव्हापासून काचसामान एकास एक हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने खळबळून, पाण्याने धुऊन, फडताळात झाकून ठेवायचं असा नेम झाला.

सिग्माचा गोंधळ इथूनच सुरू होतो. प्रत्येक जण वेगळं सांगतो, कारण प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतो. माझ्याच रेषेवर तीन उत्तरं काढून दाखवतो.

पहिला प्रकार, सर्वांत लाडका: एकच ब्लँक क्युवेटमध्ये ठेवून दहा वेळा रीडिंग घ्यायचं. प्रमाण विचलन आलं 0.0004. तीन पट करून स्लोपने भागलं की एलओडी 0.006 पीपीएम. रिपोर्टात झकास दिसतं. पण हा फक्त यंत्राचा थरथराट आहे. पिपेट, फ्लास्क, उकळणं, हायड्रॉक्सिलअमीन, यातलं काहीच त्यात आलेलं नाही.

दुसरा: रेषेपासून बिंदू किती विखुरलेत ते घ्यायचं. एक्सेलमध्ये:

```
=SLOPE(B2:B7,A2:A7)
=INTERCEPT(B2:B7,A2:A7)
=STEYX(B2:B7,A2:A7)
=3.3*STEYX(B2:B7,A2:A7)/SLOPE(B2:B7,A2:A7)
```

STEYX आला 0.0018 आणि एलओडी 0.030. औषधांच्या आयसीएच मार्गदर्शिकेत 3.3 सिग्मा भागिले स्लोप हे सूत्र आहे आणि सिग्मा म्हणून ही निवडही मान्य आहे. पण इथलं विखुरणं मुख्यतः 3 आणि 4 पीपीएमच्या बिंदूंमुळे आलंय. वरच्या टोकाला पिपेटची चूक मोठी दिसते, ती आपण खालच्या टोकावर लादतो. स्टँडर्ड्स 10 पीपीएमपर्यंत नेलीत तर नमुने तेच असूनही एलओडी बदलेल. म्हणून हा मार्ग घ्यायचाच असेल तर 0 ते 0.5 च्या दरम्यान पाच-सहा स्टँडर्ड्सची वेगळी छोटी रेषा काढा.

तिसरा, आणि माझा कौल यालाच: दहा ब्लँक, दहा वेगळ्या फ्लास्कमध्ये, तीन-चार दिवसांत विभागून, नमुन्यासारखेच उकळून, सगळी रसायनं घालून करायचे. माझं विचलन आलं 0.0026, एलओडी 0.039. यंत्राच्या थरथराटावरून काढलेल्या आकड्याच्या सहापट! खातरजमा म्हणून 0.10 पीपीएमचे सात नमुने पूर्ण पद्धतीने केले: 0.11, 0.09, 0.10, 0.12, 0.08, 0.10, 0.11. विचलन 0.0135. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या रीतीने, सात नमुन्यांसाठी त्याला 3.143 ने गुणलं की 0.042. दोन वेगळ्या वाटांनी 0.04 च आलं, तेव्हा मी तो आकडा लिहिला.

एक अट मात्र पाळा. यंत्र रीएजंट ब्लँकने शून्य करू नका, डिस्टिल्ड पाण्याने करा आणि ब्लँक नमुन्यासारखा वाचा. ब्लँकनेच शून्य केलंत तर ब्लँक कायम 0.000 दिसतो आणि त्याचं हलणं झाकलं जातं. मग सिग्मा आणणार कुठून?

हे 3.3 आकाशातून पडलेलं नाही. 1.645 अधिक 1.645. लोह नसताना आहे म्हणण्याची चूक पाच टक्क्यांवर रोखायला एक, आणि असताना नाही म्हणण्याची चूक तितक्यावरच रोखायला दुसरा. दोन्ही चुका वेगळ्या मोजायला हव्यात हा विचार लॉइड करी यांनी 1968 मध्ये नीट मांडला. 3 घेतलंत की 3.3, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. सिग्मा चुकीचा असेल तर तो फरक काहीच नाही.

आता खऱ्या नमुन्याकडे. 25 मिली पाणी घेतलं, अ‍ॅसिड आणि हायड्रॉक्सिलअमीन घालून उकळलं, गार झाल्यावर 50 मिलीच्या फ्लास्कमध्ये बफर आणि फिनान्थ्रोलिन घालून खुणेपर्यंत भरलं, पंधरा मिनिटांनी वाचलं. तीन रीडिंगची सरासरी 0.067. (0.067 − 0.0055) भागिले 0.1984 म्हणजे 0.31 पीपीएम. पण हे फ्लास्कमधलं. पाण्यात दुप्पट, 0.62. रेषेची अनिश्चितता धरली तर अधिक-उणे 0.04. त्यामुळे 0.6200 असं लिहू नका, शेवटचे दोन आकडे कॅल्क्युलेटरचे आहेत.

आणि इथे बरेच जण घसरतात: एलओडीसुद्धा दुप्पट होते. फ्लास्कमध्ये 0.04, तर बोअरवेलच्या पाण्यात 0.08.

उलट टोकाला, एखादा नमुना 4 पीपीएमच्या रेषेबाहेर गेला तर रंग आलेलं द्रावण पातळ करू नका. एका लोहाला तीन फिनान्थ्रोलिन लागतात. लोह जास्त असेल तर ते आधीच अपुरं पडलेलं असतं आणि मागून पाणी ओतून ते भरून निघत नाही. मूळ पाणी पातळ करून पहिल्यापासून करा.

बाटलीचंही विचारून ठेवतो: नमुना घेताना तिथेच अ‍ॅसिड घातलं होतं ना? बोअरवेलचं पाणी उपसताना नितळ दिसतं, हवा लागली की लोह पिवळट होऊन तळाशी बसतं. मग वरचं पाणी पिपेटमध्ये घेतलं की उत्तर आपोआप कमी येतं. तुमचे उणे नमुने अ‍ॅसिड न घातलेल्या बाटल्यांमधले असतील तर रेषेत काही शोधण्याआधी त्या बाटल्यांचा तळ बघा.

तक्त्यात उणे किंवा शून्य लिहू नका. '0.08 पेक्षा कमी' लिहा आणि खाली एका ओळीत सांगा की ही मर्यादा दहा पूर्ण-पद्धत ब्लँकवरून, विरलीकरण धरून काढली आहे. 0.08 पासून साधारण 0.26 पर्यंतचे (दहा सिग्मा भागिले स्लोप, आणि दुप्पट) आकडे वेगळ्या खुणेने दाखवा. तिथे लोह आहे एवढं म्हणता येतं, किती आहे हे छातीठोकपणे सांगता येत नाही. सरांना 0.124 आणि 0.150 चा फरक त्यांच्याच समोर काढून दाखवा.