साइट मीटिंगनंतरचा एमओएम कसा लिहावा

प्रश्न: पुण्यात एका निवासी इमारतीच्या साइटवर ज्युनिअर प्लॅनिंग इंजिनिअर आहे. दर मंगळवारी को-ऑर्डिनेशन मीटिंग होते. क्लायंट, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल, मुख्य कंत्राटदार, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग असे सगळे असतात. नंतर एमओएमचा, म्हणजे मीटिंगच्या नोंदीचा मेल मला पाठवायचा असतो. तीन पानांची पीडीएफ होते, कोणी उघडत नाही. पुढच्या मंगळवारी तेच मुद्दे आणि "आम्हाला कोणी सांगितलंच नाही". मेल कसा लिहू?

उत्तर:

पीडीएफ आधी बंद करा. इलेक्ट्रिकलचा सुपरवायझर मेल बघतो तो फोनवर, जिन्यात उभा राहून, एका हातात टेप धरून. तो फक्त आपल्या कामाची ओळ शोधतो. ती मेल उघडताक्षणी समोर दिसली नाही तर पुढचं तो वाचणार नाही, आणि त्यात त्याचं फारसं चुकतही नाही. म्हणून सगळं मेलच्या अंगातच लिहा. मोठा तक्ताही टाळा, फोनवर त्याचे रकाने तुटतात.

पण तुमची खरी अडचण मेलच्या आधीची असावी. तीन पानं होतात म्हणजे तुम्ही झालेली चर्चा लिहीत आहात. आर्किटेक्ट काय म्हणाले, त्यावर कंत्राटदार काय म्हणाला, ते कोणालाच नको असतं. मीटिंगची शेवटची दहा मिनिटं मागून घ्या आणि वहीतली कामं मोठ्याने वाचा: हे काम, हे नाव, ही तारीख. तारीख तुम्ही सुचवू नका, ज्याचं काम आहे त्याच्या तोंडून काढा. "दोन-तीन दिवसांत देतो" असं आलं की लगेच विचारा, "गुरुवारी संध्याकाळी पाच लिहू का?" तो "नाही, शुक्रवार लिहा" म्हणाला तरी चालेल. सगळ्यांसमोर स्वतः सांगितलेली तारीख माणूस सहसा नाकारत नाही. मेलमध्ये पहिल्यांदाच वाचलेली तारीख मात्र हमखास नाकारतो.

आता एक उदाहरण घेऊ. सहावा स्लॅब भरायचा आहे आणि टॉयलेटच्या डक्टमध्ये पाइप मावत नाहीत म्हणून कटआउट वाढवायचा आहे. मीटिंगमध्ये हे साधारण असं बोललं जातं: "डक्टचा कटआउट मोठा करावा लागेल." "करू, स्ट्रक्चरलला विचारून घ्या." "हरकत नाही, बाजूने जादा सळया द्याव्या लागतील, ड्रॉइंग पाठवतो." सगळे माना डोलावतात आणि पुढच्या मुद्द्यावर जातात. बहुतेक एमओएममध्ये याची एकच ओळ होते: "डक्ट कटआउट वाढवण्याबाबत चर्चा झाली, स्ट्रक्चरलशी को-ऑर्डिनेट करणे." या ओळीवर कोणीच काम करू शकत नाही.

यात किती गोष्टी राहिल्या बघा. कटआउट किती वाढवायचा? कोणत्या मजल्यापासून? आणि सर्वांत महागात पडणारी गोष्ट, खाली आधीच भरलेल्या पाच स्लॅबचं काय? हे लिहिलं नाही तर कोणी तरी उत्साहाने खालच्या मजल्यांवर कोअर कटिंगचं मशीन लावतो आणि स्लॅबची सळई कापली जाते. निर्णय लिहिताना तो कुठून लागू होतो आणि कुठे लागू होत नाही, दोन्ही लिहायचं.

मी हा मेल असा लिहीन. इथे हुद्दे लिहिले आहेत, तुम्ही तिथे माणसाचं नाव लिहा. कंपनीचं किंवा "टीम"चं नको.

> विषय: बी विंग, एमओएम १४, मंगळ. ४ नोव्हेंबर: सहावा स्लॅब शनि. १५ ला
>
> निर्णय
> १४.१ सहावा स्लॅब शनिवार १५ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता भरायचा.
> १४.२ टॉयलेट डक्टचा कटआउट सहाव्या स्लॅबपासून वर सगळीकडे ४५० × ४५० ऐवजी ४५० × ६०० मिमी. खालचे पाच स्लॅब आहेत तसेच राहतील. स्ट्रक्चरलचं लेखी उत्तर येईपर्यंत तिथे कटिंग करायचं नाही.
>
> स्ट्रक्चरल
> १४.३ कटआउटभोवतीच्या जादा सळया दाखवणारं सुधारित ड्रॉइंग: गुरु. ६, संध्या. ५
> १४.४ खालच्या पाच स्लॅबमध्ये कटआउट वाढवता येईल का, लेखी उत्तर: मंगळ. ११
> १४.५ साइटवर सळई चेकिंग: शुक्र. १४, सकाळी ११
>
> मुख्य कंत्राटदार
> १४.६ नव्या ड्रॉइंगप्रमाणे बीबीएस: शुक्र. ७, संध्या. (१४.३ आल्यावर)
> १४.७ खालची जाळी पूर्ण: मंगळ. ११, संध्या.
> १४.८ वरची जाळी पूर्ण: गुरु. १३, संध्या. (१४.९ आणि १४.१० झाल्यावर)
>
> इलेक्ट्रिकल
> १४.९ कंड्यूट आणि फॅन बॉक्स पूर्ण: बुध. १२, संध्या. ६ (१४.७ झाल्यावर)
>
> प्लंबिंग
> १४.१० सगळे स्लीव्ह बसवून पूर्ण: बुध. १२, संध्या. ६ (१४.७ झाल्यावर)
>
> आर्किटेक्ट, क्लायंट: या आठवड्यात काम नाही.
>
> नोंदीत चूक असेल तर गुरु. ६ दुपारी १२ पर्यंत याच मेलवर उत्तर द्यावं. त्यानंतर ही नोंद मान्य धरली जाईल.

विषयात तारीख आणि त्या आठवड्यातली सर्वांत मोठी घटना घाला. "एमओएम" एवढाच विषय असलेले मेल महिन्याभराने शोधताना सगळे सारखेच दिसतात.

कामं विषयवार न लावता माणसागणिक लावली आहेत, कारण प्रत्येक जण आपलंच शोधत येतो. ज्याच्याकडे काम नाही त्याचंही नाव लिहिलं आहे. नाही तर पुढच्या आठवड्यात "माझं काही होतं का?" हा प्रश्न येतो, किंवा त्याला वाटतं की आपला मुद्दा तुम्ही गाळला.

कंसातल्या "झाल्यावर"कडे नीट बघा, कारण साइटवरची निम्मी भांडणं तिथेच असतात. कंड्यूट खालच्या आणि वरच्या जाळीच्या मधून जातात. खालची जाळी बांधून झाल्याशिवाय इलेक्ट्रिशियन नीट काम करू शकत नाही, आणि वरची जाळी आधी बांधली तर त्याला सळया वाकवून पाइप घुसवावे लागतात. नुसतं "इलेक्ट्रिकल: बुधवार" लिहिलंत आणि जाळी बुधवारी दुपारी झाली, तर उशीर कोणाच्या खात्यावर जाणार? कंसामुळे ते आपोआप ठरतं.

तारखा लावताना स्लॅबच्या दिवसापासून उलटं या. शनिवारी भरायचा तर शुक्रवारी चेकिंग, म्हणजे गुरुवारी वरची जाळी, बुधवारी कंड्यूट आणि स्लीव्ह, मंगळवारी खालची जाळी, आणि कापणी-वाकवणीला वेळ द्यायचा तर बीबीएस, म्हणजे सळयांच्या कापणी-वाकवणीचा तक्ता, आदल्या शुक्रवारी. असं केलं की पहिल्याच दिवशी कळतं की सगळा डोलारा गुरुवारच्या ड्रॉइंगवर उभा आहे. मग आठवड्यात एकच आठवणीचा फोन करायचा असेल तर तो बुधवारी स्ट्रक्चरलच्या ऑफिसला करा. बाकीचे फोन आपोआप कमी होतील.

कामाची ओळ लिहून झाली की एक कसोटी लावा: त्या दिवशी साइटवर गेलेला तिऱ्हाईत माणूस "झालं" किंवा "नाही झालं" असं सांगू शकेल का? "स्लीव्ह बसवून पूर्ण" याचं उत्तर डोळ्यांनी मिळतं. "स्लीव्हचं बघणे", "फॉलोअप घेणे", "को-ऑर्डिनेट करणे" यांचं मिळत नाही. आणि एका ओळीवर दोन नावं नकोत. "इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंग यांनी मिळून" लिहिलं की दोघंही एकमेकांची वाट बघतात.

मेल त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत गेला पाहिजे. ज्यांच्याकडे काम आहे ते "टू"मध्ये, बाकीचे "सीसी"मध्ये. मीटिंगला न आलेल्या माणसावर काम पडलं असेल तर मेलआधी त्याला फोन करून तारीख घ्या. स्ट्रक्चरल कन्सल्टंट तुमच्या हाताखाली नाहीत, तुमच्याहून वयाने, अनुभवाने मोठे असतील. नोंदीतली ओळ सगळ्यांसारखीच कोरडी राहू द्या, पण फोनवर "सर, गुरुवारी जमेल ना? पुढची बीबीएस त्यावर अडलीय" असं कारणासकट सांगा. कारण कळलं की बहुतेक जण तारीख पाळतात.

तारीख चुकणारच. ड्रॉइंग गुरुवारऐवजी शनिवारी आलं तर पुढच्या मंगळवारची वाट बघू नका. त्याच दिवशी त्याच मेलवर छोटं उत्तर टाका: "१४.३ मूळ तारीख ६, ड्रॉइंग ८ ला मिळालं. त्यामुळे १४.६ ते १४.१० दोन दिवस पुढे, चेकिंग आणि स्लॅबची नवी तारीख उद्या सकाळी फोनवर ठरवून कळवतो." मूळ तारीख खोडू नका, नवी तिच्या शेजारी लिहा. आकडाही बदलू नका. पुढच्या एमओएममध्ये १४.४ उरलं असेल तर ते १४.४ म्हणूनच सर्वांत वर येऊ द्या, त्याला १५.१ करू नका. सतराव्या मीटिंगमध्ये "१४.४" वाचलं की ते किती आठवडे पडून आहे हे कोणाला सांगावं लागत नाही. तुमच्या "तेच मुद्दे परत"चा निम्मा इलाज यातच आहे.

एमओएमची हद्दही सांभाळा. १४.३ मध्ये "जादा सळया" असं लिहिलं म्हणून फोरमनने सळया टाकायच्या नाहीत. त्या सुधारित ड्रॉइंगवरूनच पडतात, आणि साइटवरची जुनी प्रत त्याच दिवशी काढून घ्यावी लागते. तसंच पैशाचं. कंत्राटदार म्हणाला "हे एक्स्ट्रा आयटम होईल", तर एमओएममध्ये फक्त "कंत्राटदार १४.२ चा दर अमुक तारखेपर्यंत देणार" एवढंच लिहा. "मान्य" हा शब्द तुमच्या मेलमधून जाता कामा नये. ते क्लायंटच्या वेगळ्या पत्राने किंवा करारात ठरलेल्या पद्धतीने होतं, आणि बिलाच्या वेळी ज्युनिअरचा मेल पुढे केला गेला की उत्तर देणं कठीण जातं.

फोरमन आणि सळईची टोळी मेल वाचत नाही. त्यांच्यासाठी त्यांच्या चार ओळी हिंदीत किंवा मराठीत व्हॉट्सॲपवर टाका आणि तारखा साइट ऑफिसच्या फळ्यावर लिहा. पण वाद झाला तर मेलच धरायचा. व्हॉट्सॲपवर कोणी तारीख बदलून मागितली तर "मेलवर टाका" एवढंच उत्तर द्या.