दहा हजारांच्या आतला ५जी फोन आणि एसए-एनएसएचा घोळ

प्रश्न: आईसाठी आठ-नऊ हजारांत ५जी फोन घ्यायचा आहे. ती जुळे सोलापुरात राहते, सिम एअरटेलचं आहे आणि बदलणार नाही म्हणते. एका फोनच्या माहितीत बारीक अक्षरात 'फक्त ५जी एसए' लिहिलंय. नवी पेठेतला दुकानदार म्हणतो, ५जी म्हणजे ५जी, काही फरक नसतो. खरंच नसतो का?

उत्तर:

पंधरा हजारांच्या वरचा नवा फोन घेत असता, तर दुकानदाराचं ऐकून मोकळे व्हा म्हणालो असतो. तुमच्या बजेटमध्ये मात्र त्याचं ऐकू नका. जिथे हा फरक खिशाला लागतो, नेमक्या त्याच ठिकाणी तुम्ही उभे आहात.

एनएसए, अर्थात नॉन-स्टँडअलोन ५जी, म्हणजे जुन्या वाड्यावर चढवलेला नवा मजला. मजला ५जीचा, पण वर जायचा जिना खालच्या ४जी घरातूनच. फोन आधी ४जी टॉवरला जोडला जातो, ओळख पटवणं आणि बाकीचा कारभार ४जीच्या यंत्रणेतून होतो, आणि मग टॉवर त्याला सांगतो की आता ५जीचा हातही धर. म्हणजे फोनला ४जी आणि ५जी हे दोन्ही एकाच वेळी धरून ठेवता आले पाहिजेत. एसए, अर्थात स्टँडअलोनमध्ये, ५जीचं घरच वेगळं: स्वतःचा पाया, स्वतःचा जिना. तिथे फोन थेट ५जीला जोडला जातो, ४जीचा आधार लागत नाही.

भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झालं, तेव्हा जिओने एसएचा रस्ता धरला आणि एअरटेलने एनएसएचा. त्यामागे स्पेक्ट्रमचा हिशेब होता. २०२२च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झची लहर खासगी कंपन्यांपैकी एकट्या जिओने घेतली. ही लहर लांब जाते, भिंतीतून आत शिरते, म्हणून ४जीच्या आधाराशिवाय ५जीचं जाळं पसरवणं जिओला परवडलं. एअरटेलकडे ५जीसाठी मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर होती. तिचा वेग झकास, पण जाड भिंतीपाशी ती दमते. खाली ४जीचा आधार ठेवला की फोनकडून टॉवरकडे जाणारा कमजोर सिग्नल ४जीवरून जाऊ शकतो आणि टॉवरचा पल्ला वाढतो. दोघांनी आपापल्या जागी शहाणपणाचाच निर्णय घेतला; एक खरं ५जी आणि दुसरं खोटं, हा जाहिरातवाल्यांचा तमाशा आहे.

आता तुमच्या फोनकडे येऊ. २०२४च्या शेवटी रेडमी ए४ ५जी आणि पोको सी७५ ५जी हे फोन आले, किंमत तेव्हा आठ-साडेआठ हजारांच्या घरात. दोन्हींत स्नॅपड्रॅगन ४एस जेन २ ही चिप आहे. ४जी आणि ५जी एकाच वेळी धरायचं काम या फोनांत काढून टाकलेलं आहे, म्हणून त्यांत एनएसए चालत नाही. एसए मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर फोन मुकाट्याने ४जीवर बसतो. फोन बिघडलेला नसतो आणि कंपनीने लपवलेलंही नसतं, ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, जे तुम्ही वाचलंत. (शंभरातले नव्वद जण वाचत नाहीत.) सॉफ्टवेअर अपडेटने हे येईल अशी आशा ठेवू नका, ही चिपचीच मर्यादा आहे.

याचा अर्थ, आईच्या घराजवळचा एअरटेलचा टॉवर फोनला एनएसएच देत असेल, तर हा '५जी फोन' तिथे ४जी फोनच राहील. दुसरं नुकसान रिचार्जचं. अमर्याद ५जी डेटा ज्या प्लॅनमध्ये मिळतो, तिथे तो डेटा फोन ५जीवर असतानाच मोजणीतून सुटतो. ४जीवर बसलेला फोन रोजचा ठरलेला कोटाच खातो. आई संध्याकाळी कीर्तनं आणि मालिका बघत असेल, तर रात्री नऊला 'कोटा संपला' असा संदेश येईल आणि फोन तुम्हालाच लागेल.

मात्र 'एअरटेल म्हणजे एनएसए' हे कायमचं धरून चालू नका. घरगुती वायरलेस इंटरनेटसाठी एअरटेलने एसए वापरायला सुरुवात केली आहे, आणि सगळ्यांचा प्रवास शेवटी एसएकडेच आहे. म्हणून दुकानात वाद घालण्यापेक्षा आईच्या घरी जाऊन तपासा. एसए आणि एनएसए दोन्ही चालणारा एखादा अँड्रॉइड फोन घ्या, त्यात आईचं सिम घाला, दुसरं सिम काढून ठेवा, वाय-फाय बंद करा आणि डायल पॅडवर हे टाका:

```
*#*#4636#*#*
```

उघडलेल्या यादीत Phone information मध्ये जा, Set preferred network type शोधा, आधी काय निवडलंय त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि मग NR only, म्हणजे फक्त ५जी, निवडा. दोन मिनिटं थांबा. सिग्नल आला आणि इंटरनेट चाललं, तर तिथे एसए आहे. फोन 'सेवा नाही' म्हणाला, तर त्या खोलीत तुमच्या सिमला एसए मिळत नाही, कारण एनएसएला लागणारं ४जीच तुम्ही बंद केलंय. एकदा गच्चीवरही बघा, म्हणजे भिंतीचा दोष नेटवर्कवर जाणार नाही. झालं की निवड न विसरता पूर्ववत करा, नाहीतर फोन लागणार नाहीत. काही कंपन्या हा मेनू बंद ठेवतात. तसं असेल तर दुसऱ्या कंपनीचा फोन मागून आणा.

नुसत्या ५जीच्या चिन्हावर जाऊ नका. एनएसएमध्ये 'इथे ५जी मिळू शकतं' एवढं टॉवरने सांगितलं तरी काही फोन वर ५जी दाखवतात, आणि डेटा त्या क्षणी ४जीवरूनच वाहत असतो. माझ्याच फोनवर माजघरात ५जी दिसायचं आणि वेग मात्र ४जीचा. व्हरांड्यात आलो की एकदम उडी मारायचा.

बाकी फरकांचं मनावर घेऊ नका. एसएमध्ये प्रतिसाद थोडा लवकर येतो, पण व्हिडिओ कॉलला ते जाणवत नाही. उलट एसएवर ५जीतून कॉलची सोय नसेल, तर कॉल येताच फोन ४जीवर उतरतो आणि त्या वेळी हॉटस्पॉटवर असलेल्याचा वेग घसरतो. एनएसएमध्ये कॉल ४जीवर असतोच, डेटा ५जीवर चालू राहू शकतो. आईला यातलं काहीच लागणार नाही.

तर चाचणीत एसए मिळालं, तर तो फोन बिनधास्त घ्या. नाही मिळालं, तर हजार-दीड हजार वाढवून असा फोन बघा, ज्याच्या माहितीत एसए आणि एनएसए दोन्ही लिहिलेलं आहे आणि बँडमध्ये n78 व n28 दोन्ही आहेत. n78 म्हणजे एअरटेलची ती ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर आणि n28 म्हणजे जिओची ७०० मेगाहर्ट्झ, जी पुढे सिम बदललंच तर कामाला येईल. तेवढे पैसे वाढवायचे नसतील, तर सहा-सात हजारांचा चांगला ४जी फोन घ्या. एनएसएच्या टॉवरखाली तो आणि 'फक्त ५जी एसए'वाला फोन सारखेच धावतील, आणि उरलेल्या पैशांत आईचे दोन-तीन महिन्यांचे रिचार्ज होतील.