मंजूर झालेल्या मिनिट्समध्ये चूक सापडली तर?

प्रश्न: आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत कमिटीच्या मिनिट्समध्ये पेंटिंगचे ४,५०,००० ऐवजी ५,४०,००० पडलेत, मंजूर होऊन सह्याही झाल्यात. खोडून बरोबर करू का?

उत्तर: अजिबात खोडू नका, व्हाइटनर तर नकोच, उद्या ऑडिटर आधी त्याच पानावर बोट ठेवेल. जुनं पान जसंय तसं राहू द्या. पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यात ‘मागील इतिवृत्तातील दुरुस्ती’ टाका आणि त्या दिवशीच्या मिनिट्समध्ये लिहा की अमुक तारखेच्या सभेच्या ठराव क्र. ६ मध्ये ‘५,४०,०००’ लिहिलंय ते ‘४,५०,०००’ असं वाचावं, सोबत सूचक-अनुमोदक आणि पुरावा म्हणून तेव्हा मंजूर केलेलं कोटेशन. फक्त एक बघा, लिहिण्यातली चूक असेल तरच हे चालतं, रक्कमच आता बदलायची असेल तर ती दुरुस्ती नाही, नवा ठराव लागेल.