वीजबिल वाचताना सुरुवात कुठून करायची?

प्रश्न : घरात नवीन काहीच घेतलं नाही, तरी बिल दीडपट आलं. बिलातल्या ओळी कशा वाचायच्या आणि वापर कमी कसा करायचा?

आधी रकमेकडे पाहूच नका. चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि त्या दोन रीडिंगांच्या तारखा पाहा. रीडिंगच्या जागी 'सरासरी' असा शेरा असेल, तर ते बिल अंदाजाने काढलेलं आहे. मीटरवरचा आकडा तारखेसह टिपून तक्रार करा.

माझं बिलही असंच 204 युनिटांवरून 310 वर गेलं होतं. तारखा पाहिल्या तर आधीचं बिल 30 दिवसांचं आणि हे 38 दिवसांचं. म्हणजे रोजचा वापर 6.8 वरून 8.16 झाला होता. वाढ खरी होती, पण दीडपट नव्हती, रोज साधारण 1.36 युनिटची होती.

बिल जास्त दिवसांचं असलं की पुढची ओळ, वीज आकार, नीट तपासा. इथे युनिट टप्प्यांत विभागलेले असतात आणि वरच्या टप्प्याचा दर जास्त असतो. पहिला टप्पा महिन्याला 100 युनिटांचा असेल, तर 38 दिवसांसाठी तो सुमारे 127 धरायला हवा. तसा धरला नसेल तर दुरुस्ती मागा. स्थिर आकार वापर कमी केला तरी सहसा तेवढाच राहतो. इंधन समायोजन आणि वीज शुल्क यांचे दर आपल्या हातात नसतात. थकबाकीची ओळ मात्र पाहा, मागचं भरलेलं बिल तिथे पुन्हा दिसत नाही ना.

आता ते 1.36 युनिट कुठे जात होते? एका रात्री फ्रिजसकट सगळी बटणं बंद केली आणि मीटरवरचा लाल दिवा पाहत बसलो. मीटरवर 3200 imp/kWh लिहिलेलं होतं, म्हणजे 3200 लुकलुकींना एक युनिट. सगळं बंद असूनही दिवा मिनिटाला तीनदा लुकलुकत होता. तासाला 180, म्हणजे सुमारे 56 वॉट, दिवसाला 1.35 युनिट. हिशेब जुळला! मग एकेक एमसीबी पाडत गेलो. इन्व्हर्टरचा पाडल्यावर दिवा थांबला. बॅटरी जुनी झाल्याने कधी पूर्ण भरतच नव्हती, म्हणून चार्जिंग अखंड चालू. हात लावला तर ती कोमट लागायची, पाणीही लवकर आटायचं. खूण तेव्हाच ओळखायला हवी होती.

तुमचा दिवा सगळं बंद केल्यावर थांबत असेल, तर गळती नाही, वापरच जास्त आहे. मग गरम-थंड करणाऱ्या उपकरणांकडे वळा. 2000 वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं. रोज दहा मिनिटं कमी केलीत तर महिन्याला दहा युनिट वाचतात, आणि टप्प्यांच्या दरात हे वाचलेले युनिट सगळ्यात महागड्या टप्प्यातले असतात. मोबाइलचा चार्जर काढून ठेवून एवढा फरक कधीच पडणार नाही.