बे विंडोच्या कोपऱ्यातला वाकवलेला रॉड: ब्रॅकेट कुठे ठोकायचा आणि रिंग का अडते

प्रश्न: "हॉलला तीन बाजूंची बे विंडो आहे. मधली बाजू १५० सेंमी, कडेच्या दोन्ही ६० सेंमी. तिन्ही बाजूंना मिळून एकच वाकवलेला रॉड हवा आहे. कोपऱ्यात ब्रॅकेट नक्की कुठे लावायचा? आणि रिंगा कोपऱ्यावरून अडकल्याशिवाय सरकतील का?"

सरकतील, पण ब्रॅकेटची जागा ठरवूनच रॉड घ्या. बहुतेक घरांत याच्या उलट होतं. आधी रॉड येतो, मग फिटर जिथे सोयीचं पडेल तिथे भोक पाडतो आणि पडदा कायमचा त्या ब्रॅकेटपाशी थांबतो.

पहिल्यांदा कोपऱ्याचा कोन मोजा. त्यासाठी कोनमापक लागत नाही. कोपऱ्यापासून दोन्ही भिंतींवर ३० सेंमीवर पेन्सिलीची खूण करा आणि दोन खुणांमधलं सरळ अंतर टेपने घ्या. ते साधारण ५५.५ सेंमी आलं तर कोन १३५ अंशांचा, ५२ आलं तर १२० चा आणि ४२.५ आलं तर सरळ काटकोन. दोन्ही कोपरे वेगवेगळे मोजा. प्लास्टरमुळे एकाच खिडकीचे दोन कोपरे सारखे नसणं अगदी नेहमीचं आहे. तुमचा कोन १३५ चा असेल असं धरून पुढचा हिशेब करतो.

रॉड भिंतीला चिकटून जात नाही, ब्रॅकेटच्या लांबीइतका पुढे असतो. ते अंतर ९ सेंमी धरू. म्हणजे रॉडचा कोपरा भिंतीच्या कोपऱ्यासमोर येत नाही, तो दोन्ही बाजूंना आत सरकतो. १३५ अंशांच्या कोपऱ्यात ही सरक अंतराच्या ०.४१ पट असते, म्हणजे इथे ३.७ सेंमी. आता रॉड टोकदार कोपऱ्यात मोडायचा नाही, गोलाईत वळवायचा आहे. गोलाईची त्रिज्या १५ सेंमी ठेवली तर वळण त्या कोपऱ्याच्या ६.२ सेंमी आधी सुरू होतं आणि तेवढंच पुढे जाऊन संपतं. दोन्ही आकडे मिळवले की भिंतीच्या कोपऱ्यापासून जवळजवळ १० सेंमीपर्यंत रॉड वळणातच आहे.

या १० सेंमीत ब्रॅकेट नको. आणि वळण संपतं तिथे लगेचही नको, आणखी ५ सेंमी सरळ जागा सोडा. ती कशासाठी, ते रिंगकडे पाहिलं की कळतं. ब्रॅकेट ओलांडून जायचं तर रिंग बंद चालत नाही, सी आकाराची उघडी लागते. ब्रॅकेटही असा हवा, की जो रॉडला मागून बारीक मानेने धरतो. रिंगची फट त्या मानेवरून पुढे निघून जाते. पण वळणावर असताना कापड रिंगला सरळ रेषेत ओढत नाही, खोलीच्या बाजूला ओढतं. त्यामुळे रिंग थोडी फिरते आणि तिची फट मानेसमोरून हलते. वळणातून बाहेर पडल्यावर पडद्याच्या वजनाने ती पुन्हा जागेवर येते, पण त्यासाठी तिला थोडा सरळ रॉड मिळायला हवा. तो मिळाला नाही तर फटीऐवजी रिंगचा काठ मानेवर आदळतो. सरकवताना 'टक' असा आवाज येऊन पडदा थांबत असेल तर कारण हेच असतं.

म्हणून तुमच्या खिडकीत कोपऱ्याजवळच्या ब्रॅकेटची मधली रेषा भिंतीच्या कोपऱ्यापासून १५ सेंमीवर येते.

आता तसे ब्रॅकेट किती लावायचे? रॉड कोणत्या प्रकारचा आहे यावर ते ठरतं. कोपऱ्यात हलणारा सांधा घालून तीन सरळ पाइप जोडण्याची पद्धत असेल, तर सांधा हाच कमकुवत भाग असतो, त्याला दोन्ही बाजूंनी आधार द्यावाच लागतो. म्हणजे प्रत्येक कोपऱ्याला दोन, टोकांना दोन आणि मध्ये एक असे ७ ब्रॅकेट होतात आणि त्यांतले ४ रिंगांच्या वाटेत येतात. शिवाय सांध्याचीच धार रिंगला लागते. रॉड वळणातून अखंड जात असेल तर तो स्वतःच कोपरा पेलतो. मग कोपऱ्याला एकच ब्रॅकेट पुरतो, तो मधल्या लांब बाजूवर, १५ सेंमीवर. पुढचा आधार थेट कडेच्या बाजूच्या टोकाला. तेवढा टप्पा साधारण ६० सेंमीचा होतो आणि २५ मिमीचा बऱ्या जाडीचा पाइप तो सहज धरतो. एकूण ५ ब्रॅकेट, त्यांतले फक्त २ वाटेत. मी नेहमी हाच प्रकार सुचवतो. रिंग न अडण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे तिच्या वाटेतले ब्रॅकेट कमी करणं, बाकी सगळं त्यानंतर येतं.

मधला ब्रॅकेट वाटेत का धरला नाही, तर पडदा मधोमध उघडणारा ठेवायचा म्हणून. दोन पल्ले करा, एक डावीकडे जाणारा, एक उजवीकडे. मग प्रत्येक पल्ल्याला एकच कोपरा ओलांडावा लागतो. एकच सलग पल्ला दोन्ही कोपऱ्यांवरून ओढायचा म्हटलं तर प्रत्येक वळणावर घर्षण वाढत जातं आणि दुसऱ्या कोपऱ्याशी पोहोचेपर्यंत पडदा जड होतो. मधोमध उघडण्याचा दुसरा फायदा असा, की रॉड दोन तुकड्यांत आला असेल तर त्याचा जोड बरोबर मधल्या ब्रॅकेटवर ठेवता येतो. तिथून कोणतीही रिंग पलीकडे जात नाही, त्यामुळे जोडाची धार कुणाला लागत नाही. लांबी कमीजास्त करता येणारे, एकात एक सरकणारे रॉड घेणार असाल तर हे जास्तच महत्त्वाचं आहे. बारीक पाइपवरून जाड पाइपवर चढताना रिंग हमखास अडते.

रॉडची लांबी भिंतीच्या मापावरून, म्हणजे २७० सेंमी, मागवू नका. मधली सरळ लांबी दोन्हीकडे ३.७ ने घटून १४२.५ होते, कडेच्या बाजू ५६.३ च्या होतात. गोलाईमुळे प्रत्येक कोपऱ्यात आणखी अर्ध्या सेंमीपेक्षा थोडं जास्त वाचतं. सगळं मिळून रॉड साधारण २५४ सेंमीचा भरतो, टोकाचे नॉब वेगळे. भिंतीच्या मापाने आणलेला रॉड १६ सेंमी जास्त येईल, आणि मग जास्तीचा भाग टोकाला कापायचा की मध्ये, यात वळणांची जागा चुकते.

वाकवण्याचं काम रॉड भिंतीवर चढवण्याआधी, जमिनीवर करा. खिडकीच्या तिन्ही बाजू जमिनीवर खडूने खऱ्या मापात काढा, त्यापासून ९ सेंमी आत रॉडची रेषा काढा आणि कोपऱ्यात गोलाई द्या. हाताने वाकणारा ॲल्युमिनियमचा रॉड असेल तर रंगाची २० लिटरची गोल बादली कामाला येते, तिचा व्यास ३० सेंमीच्या आसपास असतो. रॉड तिच्याभोवती हळूहळू दाबत न्या आणि हव्या त्या कोनापेक्षा किंचित जास्त वाकवा, कारण सोडल्यावर तो थोडा परत उघडतो. जास्त झालं म्हणून सरळ करून पुन्हा वाकवणं टाळा. ॲल्युमिनियम एकाच जागी दोन-चारदा इकडेतिकडे झालं की कडक होतं आणि मग त्याला घडी पडते. शेवटी रॉड फरशीवर ठेवून पाहा. सगळी लांबी फरशीला टेकली पाहिजे. एखादं टोक वर राहत असेल तर वळणात पीळ आला आहे आणि तो भिंतीवर गेल्यावर लपणार नाही.

स्टीलचा पाइप हवा असेल तर रेलिंग करणाऱ्या फॅब्रिकेटरकडून पाइप बेंडरवर वाकवून घ्या. पाइप फार पातळ असेल तर वळणाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि पाइप गोल न राहता चपटा होतो. हे डोळ्याला पटकन दिसत नाही, रिंगला मात्र लगेच कळतं. म्हणून पैसे देण्यापूर्वी तुमची रिंग सोबत न्या आणि वळणावरून बोटाने हळू सरकवून पाहा. कुठेही घासल्याचा आवाज आला तर तो पाइप घेऊ नका. कोपऱ्यासाठी स्प्रिंगसारखा खाचा असलेला लवचीक तुकडाही मिळतो. सोपा आहे, पण प्रत्येक खाचेत रिंग थबकते. हलत्या पडद्यासाठी मी तो वापरणार नाही.

बसवताना सगळ्या ब्रॅकेटची उंची लेव्हल पाइपने किंवा लेझरने घ्या, खिडकीच्या चौकटीवरून नको. बे विंडोच्या तीन चौकटी एका पातळीत असतीलच असं नाही, आणि रॉडला उतार राहिला तर पडदा आपोआप एका कोपऱ्याकडे घरंगळतो. खिडकीवर काँक्रीटची बीम असेल तर साध्या ड्रिलने भोक नीट पडत नाही, हॅमर ड्रिल लागतं. गिट्टी प्लास्टरमध्ये न राहता काँक्रीटमध्ये गेली पाहिजे, कारण कोपऱ्यातल्या ब्रॅकेटवर वजनाबरोबर पडदा ओढतानाचा आडवा झटकाही येतो. ब्रॅकेटमधला बारीक स्क्रू आवळून रॉड पक्का करा, नाहीतर तो हळूहळू फिरतो.

आयलेटचे, म्हणजे कापडातच गोल कड्या बसवलेले पडदे आधीच शिवून झाले असतील तर ही रचना त्यांना चालणार नाही. ती कडी बंद असते, ब्रॅकेट ओलांडू शकत नाही. वरची पट्टी उसवून हुकाची पट्टी लावून घ्या.

पडदा खालच्या काठाने ओढला की पहिली रिंग तिरकी होऊन रॉडला चावते, आणि वळणावर ते जास्तच. पुढच्या रिंगला एक ओढायची दांडी अडकवा, म्हणजे ओढ वरच्या वर लागते. शेवटची रिंग टोकाचा ब्रॅकेट आणि नॉब यांच्यामध्ये ठेवा, म्हणजे पल्ल्याचं मागचं टोक जागेवर राहतं. रॉडवर खोबरेल किंवा मशीनचं तेल लावू नका, धूळ धरतं आणि कापडाला डाग पडतात. सिलिकॉन स्प्रे फडक्यावर मारून ते फडकं रॉडवरून फिरवा, वळणावर जरा जास्त. तो नसेल तर साध्या पांढऱ्या मेणबत्तीने घासलं तरी चालतं.

हा सगळा हिशेब १३५ अंशांचा आहे. कोन काटकोन निघाला तर त्याच त्रिज्येला आणि त्याच ब्रॅकेटला वळण कोपऱ्यापासून २४ सेंमीपर्यंत जातं आणि ब्रॅकेट २९ सेंमीवर येतो. ६० सेंमीच्या बाजूवर मग उघडलेला पडदा गोळा व्हायला जेमतेम जागा उरते. तशा खिडकीला मी रॉडचा हट्ट सोडून छताला लावायचा, वाकवता येणारा एम ट्रॅक घेईन. त्यात रनर आतल्या खाचेतून जातात आणि ब्रॅकेट त्यांच्या वाटेत येतच नाही. छत जिप्समचं असेल तर मात्र ट्रॅकच्या रेषेत वर प्लायची पट्टी आहे का, हे आधी पाहा. नुसता जिप्सम बोर्ड जड पडदा धरत नाही.

दोन्ही कोपऱ्यांची ३०-३० ची मापं आणि ब्रॅकेटची लांबी इथे टाका, तुमच्या नेमक्या आकड्यांवर पुन्हा हिशेब करून देतो.