हॉलचा रंग ठरवण्याआधी

प्रिय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या हॉलचे फोटो पाहिले आणि तुला आवडलेली ती मोका ब्राउन भिंतही पाहिली. घर विकायचं नाही, पुढची बरीच वर्षं तिथेच राहायचं आहे, असं तू लिहिलंस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा तपकिरी सध्या जिकडेतिकडे दिसतो, त्याला कारण आहे. पँटोन या अमेरिकी कंपनीने 2025 चा रंग म्हणून ‘मोका मूस’ जाहीर केला. त्याआधी 2024 ला पीच होता, 2023 ला मॅजेंटा, 2022 ला निळसर जांभळा. कपडे, पर्स, मोबाइलची कव्हरं यांना दरवर्षी नवा रंग चालतो. भिंतीला मात्र एकदा रंग दिला की पाच-सात वर्षं आपण हात लावत नाही. तेव्हा आधी एवढं कर. आवडलेल्या फोटोतला सोफा, पितळी दिवा, कोपऱ्यातलं झाड, खिडकीतलं ऊन हे सगळं हाताने झाक आणि नुसती भिंत बघ. बहुतेक वेळा आपल्याला आवडलेली असते ती मोकळी, उजेडाची खोली. रंग तिथे निमित्तमात्र असतो.

तरीही तो आवडला, तर खाली जमिनीकडे बघ. तुझ्याकडे आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत आणि सागवानी चौकटींना पॉलिश आहे. या दोन्ही गोष्टी तू बदलणार नाहीस, म्हणजे रंगाला त्यांच्याशीच जमवून घ्यायचं आहे. मागच्या दशकात राखाडीची लाट आली, तेव्हा अशाच टाइल्सच्या घरांत निळसर झाक असलेला राखाडी लागला आणि फरशी पिवळट, मळकी दिसायला लागली. लोक फरशी घासत बसले. फरशी स्वच्छच होती. डोळा कुठलाही रंग शेजारच्या रंगाशी ताडून बघतो आणि निळसर भिंतीशेजारी क्रीममधला पिवळा उठून दिसतो. तुझ्या मोकामध्ये लालसर झाक आहे. सागवानही त्याच कुळातलं. दोघं शेजारी आले की चौकट भिंतीत बुडते, आणि तुझ्या घरातली सगळ्यात देखणी वस्तू तर त्या चौकटीच आहेत.

यावर माझ्या शब्दावर जाऊ नकोस. मोकाची आणि तुला बऱ्या वाटणाऱ्या आणखी दोन शेड्सची छोटी सॅम्पल डबी आण. दोन फूट बाय दोन फूट हार्डबोर्डला पांढरा प्रायमर मार, वर रंगाचे दोन हात दे आणि पूर्ण वाळू दे. इमल्शन वाळल्यावर सहसा थोडं गडद होतं. थेट भिंतीवर पट्टे ओढू नकोस, कारण जुना रंग आजूबाजूला दिसत राहतो आणि नव्याचा अंदाज चुकतो. बोर्ड उभा धर, खालची कड टाइलला आणि बाजूची चौकटीला टेकव. सकाळी बघ, पश्चिमेचं ऊन आत येतं तेव्हा बघ, आणि रात्री तुझे नेहमीचे दिवे लावून बघ. पांढऱ्या ट्यूबखाली बरेच तपकिरी राखट दिसतात. चारही भिंतींना एकच रंग लागला की त्या एकमेकींवर रंग फेकतात, म्हणून बोर्डावर बरोबर वाटलेली शेड खोलीत जास्त गडद वाटते. एक पायरी फिकी धर. बोर्ड महिनाभर घरातच राहू दे. फॅशनमुळे आवडलेला रंग तेवढ्या काळात खटकायला लागतो, असा माझा अनुभव आहे.

टिकण्याची आणखी एक बाजू रंगद्रव्याची. गेरू आणि पिवळी माती यांचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, तो उन्हात सहसा हलत नाही. कोकणातल्या घरांवर गेरू पिढ्यान्‌पिढ्या चालला, त्यात हेही आलं. चमकदार गुलाबी, जांभळ्या रंगांतली बरीच द्रव्यं सेंद्रिय असतात आणि त्यातली काही कडक उन्हात फिकी पडतात. बाल्कनीच्या भिंतीसाठी दुकानदाराला हे जरूर विचार.

माझं मत विचारशील, तर हॉलला किंचित पिवळ्या मातीकडे झुकणारा ऑफ-व्हाइट दे. टाइल्सशी तो भांडणार नाही आणि सागवान खुलेल. मोका बेडरूममध्ये पलंगामागच्या एका भिंतीला लाव. तिथे चौकट नाही, आणि कंटाळा आला तर एकच भिंत पुन्हा रंगवायची. फक्त गडदावरून फिक्यावर येताना एखादा हात जास्त लागतो, तो खर्च धरून ठेव.

शेड पक्की झाली की कंपनी, शेडचा कोड, फिनिश आणि तारीख लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटव. उरलेला रंग घट्ट झाकण लावून सावलीत ठेव, खिळ्यांच्या भोकांना टचअपला उपयोगी पडेल. बोर्डांचे फोटो पाठव, पण फ्लॅश न लावता, दिवसाच्या उजेडातले.

तुझा,
काका