अंडं आणि दारू न घालता घरच्या कार्यक्रमासाठी तिरामिसू कसं करायचं?

क्रीममधलं अंडं काढणं सोपं आहे, पण ते बिस्किटांतही लपलेलं असतं. तिरामिसूची ती लांबट सावोयार्दी बिस्किटं अंड्यांवरच फुगवलेली असतात. म्हणून मी बिनअंड्याचा साधा स्पंज वापरते. त्याचे एक सेंटीमीटर जाडीचे काप करून १२० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ओव्हनमध्ये सुकवायचे. बोटाने टकटक केलं की टोस्टसारखा आवाज आला पाहिजे. ताजा, मऊ स्पंज कॉफीत गेला की त्याचा लगदाच होतो.

दहा-बारा जणांसाठी २० × ३० सेंटीमीटरचा ट्रे घ्या. ३०० मिली गरम पाण्यात इन्स्टंट कॉफीचे सहा सपाट चमचे आणि साखरेचे दोन चमचे विरघळवून पूर्ण गार करा. नुसती चाखली तर तोंड वाकडं व्हावं इतकी कडक हवी, कारण वर गोड क्रीम येणार आहे. रमचा इसेन्स नकोच. व्हॅनिला इसेन्समध्येही बऱ्याचदा अल्कोहोल असतं, तेव्हा बाटलीवरचे घटक वाचा.

क्रीमसाठी ५०० ग्रॅम मस्कारपोने चीज, किमान ३५ टक्के फॅटचं ४०० मिली गार व्हिपिंग क्रीम आणि १०० ग्रॅम पिठीसाखर. साखर घालून क्रीम फेटा. फेटणी उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं की थांबा. आधीच गोड असलेलं नॉन-डेअरी क्रीम असेल तर साखर चाखून घाला, कदाचित लागणारही नाही. मस्कारपोने मात्र यंत्राने फेटू नका. चमच्याने फक्त सैल करा आणि त्यात क्रीम तीन वेळा थोडं थोडं करून हलक्या हाताने मिसळा. जास्त फेटलं की ते फाटतं: आधी रवाळ दिसतं, मग कडेला पाणी सुटतं. नुसतं रवाळ झालं असेल तर दोन-तीन चमचे न फेटलेलं गार क्रीम घालून हळूच ढवळा, बहुतेकदा सावरतं. पाणी सुटल्यावर उपाय नाही.

काप कॉफीत बुडवू नका. ट्रेमध्ये मांडून चमच्याने कॉफी घाला, एका थराला साधारण १५० मिली. आधी एका तुकड्यावर करून बघा. पाच मिनिटांनी मधोमध कापल्यावर आत बारीक कोरडी रेघ दिसली तर प्रमाण बरोबर आहे, उरलेला ओलावा रात्रभरात आत जातो. रेघच नसेल तर उद्या ट्रेच्या तळाशी तपकिरी पाणी साचणार.

स्पंज, क्रीम, स्पंज, क्रीम असे थर लावा. झाकून किमान आठ तास फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. कोको अगदी वाढायच्या वेळीच वरून चाळा. रात्री चाळलेला ओला होऊन त्याचे काळे डाग पडतात. वाढताना मोठा चमचा वापरा. अंड्याचा बलक नसल्यामुळे हे क्रीम जरा मऊच असतं, सुरीने चौकोनी वड्या पाडायच्या हट्टाला पेटू नका.